आधी गोमुख

माझी मामी रागीट होती असं गावात सगळे म्हणत. बोरी अरबला कोणाला विचारलं तरी हेच सांगितलं असतं, की विमलताईचं तोंड फार. मला मात्र तिचा राग उशिरा कळला. तो भांड्याकुंड्यांवरचा किंवा बाईगड्यांवरचा राग नव्हता. तो एका यादीवरचा राग होता, आणि यादीतल्या नावांवर नव्हे, त्यांच्या क्रमावर.

मामीला जग पाहायचं होतं. आठवीत असताना भूगोलाच्या गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं की गंगा एका बर्फाच्या भिंतीतून निघते. कापसाच्या काळ्या वावरात वाढलेल्या त्या मुलीला ते खरं वाटेना. ज्या भिंतीतून नदी निघते ती भिंत डोळ्यांनी पाहायची, असं तिनं तेव्हाच ठरवलं. लग्न होऊन भगवानमामांकडे आली तेव्हा तिनं पहिल्या वर्षीच हे सांगितलं. मामा हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मामांनाही फिरण्याची हौस होती. पुढे मुलं थोडी मोठी झाल्यावर दोघांनी बसून ठिकाणं काढली: रामेश्वर, जगन्नाथपुरी, द्वारका, गिरनार, दार्जिलिंग, फुलांची दरी आणि ती बर्फाची भिंत, गोमुख.

क्रम मामांनी लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आधी सोपं, मग अवघड. आधी आगगाडीनं जाता येईल ते, मग पायांनी. "हिमालय कुठं पळून जाऊन राह्यला?" असं ते म्हणत.

त्यामागे शेतीचं कारणही होतं. कापसाची शेवटची वेचणी जानेवारीत उरकली की फेब्रुवारीत मोकळीक मिळते, आणि फेब्रुवारीत रामेश्वर, पुरी, द्वारका सगळं छान असतं. हिमालयातल्या वाटा तेव्हा बर्फाखाली असतात. त्या उघडतात अक्षय्य तृतीयेनंतर, म्हणजे नेमकी वखरणी आणि बियाण्याची धावपळ चालू असते तेव्हा. मग पाऊस, पेरणी, निंदण, डवरणी. म्हणून दर वर्षी सोपं ठिकाण शेतीच्या सोयीत बसायचं आणि अवघड ठिकाण बसायचं नाही. रामेश्वर झालं, पुरी झाली, द्वारका झाली. मामी प्रत्येक ठिकाणी आनंदानं गेली. पण परत आली की विचारायची, "आता गोमुख?" आणि मामा म्हणायचे, "पुढच्या साली."

असं करता करता मामी एकावन्न वर्षांची झाली.

त्या साली, म्हणजे २००५च्या मे महिन्यात, माझे आईबाबा केदारनाथला गेले. माझी आई रत्नप्रभा ही भगवानमामांची धाकटी बहीण. बाबा, वामनराव, यवतमाळला पाटबंधारे खात्यात होते. आमच्याकडेही मामांसारखाच हिशेब होता. नोकरीत असताना उटी, म्हैसूर, कन्याकुमारी. केदारनाथ मात्र निवृत्तीनंतर, निवांतपणे, काही घाई नको म्हणून. बाबा निवृत्त झाले आणि लगेच दुसऱ्या उन्हाळ्यात दोघं निघाले.

गौरीकुंडापासून चौदा किलोमीटरची चढण. निम्म्या वाटेवर रामबाड्याला बाबांचा श्वास लागला. ओठ निळसर झाले. आईचे गुडघे त्याआधीच बोलायला लागले होते. घोडा केला तर दरीच्या बाजूनं चालणाऱ्या त्या घोड्यावर आईला भोवळ आली. बरोबरचे लोक पुढे गेले. हे दोघं चहाच्या टपरीत बसून राहिले आणि दुपारनंतर खाली उतरले. सात किलोमीटरवरून देऊळही दिसलं नाही.

परत आल्यावर आई बोरीला माहेरी आली, मी सोबत होते. ती हसत हसत सांगत होती. म्हणजे, माणूस लाजल्यावर हसतो तसं. "जाऊ दे, देवाची इच्छा नव्हती," असं म्हणाली.

मामी ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"देवाचं नाव कायले घेता, ताई? देव रामबाड्याच्या वर बसला होता. तुमचे पाय खाली राह्यले. चाळीसच्या असताना काहून नाई गेल्या?"

"अगं, तेव्हा उटीला गेलो होतो ना."

"उटीले मोटार जाते! उटी काय सत्तरीत नसती झाली?"

मामीनं मग बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. चढताना जास्त दुखलं की उतरताना? कितव्या किलोमीटरला? रात्री पाय सुजले का? श्वास कुठं लागला, चालताना की थांबल्यावरही? आई सांगत गेली. उतरताना जास्त दुखलं, हे ऐकून मामी एकदम थांबली. कारण तिलाही गेल्या दिवाळीपासून माळ्यावरची शिडी उतरताना डावा गुडघा टोचत होता, आणि तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांनी मामी मला घेऊन दारव्ह्याला हाडांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी फोटो काढला, दिव्यासमोर धरला, म्हणाले की गुडघ्यातली गादी झिजायला लागली आहे, सुरुवात आहे, काळजीचं काही नाही.

"औषध राहू द्या," मामी म्हणाली. "मले हे सांगा, डोंगर किती साल चढू शकतो मी?"

डॉक्टरांना असं कोणी विचारलं नव्हतं बहुतेक. त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. "मांडीचे स्नायू मजबूत केले, वजन वाढू दिलं नाही, तर चार-पाच वर्षं चांगली जातील. पुढचं सांगता येत नाही. पण उतार सांभाळा. चढताना छाती लागते, उतरताना गुडघे जातात. काठ्या वापरा, दोन्ही हातांत."

घरी येताच मामीनं मामांना बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, की यादी उलटी करायची. जिथं पायांनी जायचं ते आधी. जिथं गाडी जाते ते नंतर. पहिलं गोमुख, मग फुलांची दरी, मग गिरनार. दार्जिलिंग सगळ्यात शेवटी, कारण तिथं वरपर्यंत जीप जाते.

मामा म्हणाले, "मे महिन्यात वावर कोण पाहील?"

"मे महिन्यात नाईच. भादव्यात. गणपती बुडवले का निंदण संपलेली असते अन् वेचणी सुरू व्हायची असते. पंधरा-वीस दिवस मोकळे असते. तिकडचा पाऊसबी ओसरलेला असते अन् वाट उघडी असते. मी विचारून घेतलं."

"भादव्यात पितृपक्ष असते, इमल. अन् फवारणी?"

"फवारणीले आपला पोरगा आहे, अक्षय. अन् तुमचे पितर काय मले चढताना पाय ओढणार हायेत का?"

मामा उठून गेले. त्या वर्षी तरी काही झालं नाही. मामांनी पुन्हा "पुढच्या साली" म्हटलं, आणि मामी वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

पुढचं साल आलं ते वाईट आलं. कापसाला भाव नव्हता, आणि आमचा जिल्हा देशभरात भलत्याच कारणानं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी, गाजत होता. दारव्हा रस्त्यावर चॅनेलवाल्यांच्या गाड्या फिरायच्या. घराघरांत जाऊन विचारायचे, तुमच्याकडे कोणी गेलं का? मामांच्या घरी कोणी गेलं नव्हतं. चौदा एकर जमीन होती, विहिरीला पाणी होतं, ओढाताण करून चाललं होतं. तरी एक दिवस एक बाई कॅमेरा घेऊन अंगणात आल्या. मी तेव्हा तिथंच होते. त्यांनी मामीला हळव्या आवाजात विचारलं, "ताई, तुमची व्यथा काय आहे?"

मामीनं पदर नीट केला. "मले गोमुखले जाचं हाय, बाई. माह्ये पाय चालू हायेत तवर. हेच दुःख हाय. घ्या लिहून."

त्या बाईंनी कॅमेरावाल्याकडे पाहिलं. कॅमेरा बंद झाला. "तसं नाही, कापसाबद्दल बोला ना," त्या म्हणाल्या.

"कापसाबद्दल समदेच बोलून राह्यले," मामी म्हणाली. "आमी काय नुसते मराचेच हाओत का तुमाले? आमाले कुठं जाचं नसते, काही पाहाचं नसते?"

त्या गेल्या. पण मामीचं बोलणं गावभर झालं. जिल्ह्यात हे चाललंय आणि भगवानरावच्या बाईला फिरायचं सुचतंय, असं लोक म्हणायला लागले. मामांना देवळासमोर कोणीतरी टोमणा मारला. संध्याकाळी ते घरी येऊन मामीवर ओरडले. इतकं ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लाज आणली तू! लोक दुःखात हायेत अन् तुले डोंगर पाहिजे!"

"लोकायच्या दुःखानं माह्या गुडघ्यातली गादी भरून येते का?" मामी ओरडली. "मी घरात बसून राह्यली तं कोणाचा कापूस इकला जाईल, सांगा? माह्या चार साल हायेत. चार. त्यातलं एक तुमी खाल्लं. आता दुसरं देत नाई."

मामी माझ्याकडे वळली. "अनघा, तू येतं का?"

मी सत्तावीस वर्षांची होते, यवतमाळला एका शाळेत शिकवत होते. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा कशाचातरी राग आला होता. आईच्या त्या लाजलेल्या हसण्याचा असेल.

मामीनं तयारी आधीच सुरू केली होती. रोज सकाळी वावरापर्यंत चार किलोमीटर चालत जाणं-येणं, दोन्ही हातांत तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काठ्या. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, टेकाडावर दहा वेळा चढायचं, दहा वेळा उतरायचं. उतरताना आडवं पाऊल टाकायचं. रात्री भिंतीला पाठ टेकून अर्धं खाली बसायचं आणि तसंच थांबायचं, मांड्या थरथरेपर्यंत. गावातल्या बाया हसायच्या. मामी त्यांना शिव्या द्यायची आणि पुन्हा चढायची.

गणपती विसर्जनाच्या दोन दिवसांनी आम्ही निघालो. मामा फाट्यापर्यंत आले, पिशवी एसटीत ठेवली आणि परत फिरले. वर्ध्याहून दिल्ली, तिथून हरिद्वार, मग दोन दिवस बसनं घाट. गंगोत्रीला पोचल्यावर मी लगेच दुसऱ्या सकाळी निघू म्हटलं. मामीनं ऐकलं नाही. "दहा हजार फुटांवर आलो. एक दिवस हवा अंगाले लागू दे. तुह्या बापाचं कसं झालं?" एक पूर्ण दिवस आम्ही नुसतं हळूहळू फिरलो, पाणी पीत राहिलो. वनखात्याच्या चौकीवर नावं नोंदवून परवानगी घेतली.

गंगोत्रीपासून गोमुख अठरा किलोमीटर. पहिल्या दिवशी भोजबासापर्यंत चौदा. वाट फार चढाची नाही, पण दगडांची आहे, आणि हवा विरळ होत जाते. मामी माझ्यापेक्षा हळू चालत होती आणि माझ्यापेक्षा कमी थांबत होती. चिडबासाच्या पुढे एके ठिकाणी डोंगरावरून सारखे दगड घरंगळतात. तिथं ती पहिल्यांदा वेगानं चालली. पलीकडे पोचल्यावर धाप टाकत म्हणाली, "हे साठीत नसतं जमलं मले. इथंच राह्यली असती."

आम्ही भोजबासाला आश्रमात रात्र काढली. थंडीनं झोप आली नाही, डोकं जड झालं होतं. सकाळी उन्हं आल्यावर उरलेले चार किलोमीटर चाललो. शेवटी नुसते मोठाले दगड होते. आणि मग ती भिंत दिसली. पांढरी नव्हती. राखाडी, मातकट, चिरा पडलेली, आत निळसर. खालून नदी निघत होती, पुरुषभर उंचीची लाट घेऊन, मळकट, प्रचंड आवाज करत. मधूनच बर्फाचा मोठा तुकडा सुटून पाण्यात पडायचा.

मला वाटलं मामी हात जोडेल, रडेल. तिनं दोन्ही काठ्या खाली ठेवल्या, एका दगडावर बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग शिव्या द्यायला लागली.

"हा माणूस इथं पाहिजे होता," ती म्हणाली. "ज्यानं वावरात एवढं चालून चालून पाय झिजवले, त्याले हे पाहाले पाय नाई? यादी काढली तवापासून सात साल सांगून राह्यली मी. रामेश्वराले नेलं मले. रामेश्वर कुठं जाऊन राह्यलं होतं? दगडाचं देऊळ ते. हे पाय, हे जाऊन राह्यले." तिनं डाव्या गुडघ्यावर जोरात थापट मारली. "ह्या पायायची मुदत असते. देवळाची नसते. एवढं साधं त्याले समजलं नाई."

मी तिला शांत करायला गेले नाही. तिला शांत व्हायचंच नव्हतं. तासाभरानं तिनं बाटलीत पाणी भरून घेतलं आणि आम्ही उठलो. उतरताना तिनं घाई केली नाही. तरी गंगोत्रीला आलो तेव्हा गुडघा सुजून टम्म झाला होता. तीन दिवस ती लंगडत होती, आणि तीन दिवस खुश होती.

बोरीला परतल्यावर मामांनी काही विचारलं नाही. मामीनंही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना मामा म्हणाले, "पाणी लय थंड असते म्हणते."

"हो," मामी म्हणाली.

"फुलाच्या दरीले मी येतो. पुढच्या साली."

पुढच्या साली पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, आणि मामा आले नाहीत. मामी नागपूरच्या एका गटाबरोबर गेली. ऑगस्टच्या शेवटी, निंदण चालू असतानाच. त्यावरून घरात इतकं मोठं भांडण झालं की अक्षय दोन दिवस आमच्याकडे येऊन राहिला. मामी मात्र दरी पाहून आली. तिथल्या फुलांची नावं तिला सांगता येईनात, म्हणून ती रंग सांगायची.

मामा पुढच्या साली, पुढच्या साली म्हणत राहिले. २००९च्या पोळ्याला बैल धुता धुता त्यांच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन ठिकाणी फुगा घालून नळ्या बसवल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्या सूचना दिल्या. मामांनी एकच प्रश्न विचारला, हिमालयात जाता येईल का. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उंचीवर पायी नको.

त्या दिवसापासून मामा मामीवर चिडायला लागले. उलटं व्हायला हवं होतं, पण तसं झालं. मीठ कमी पडलं की चिडायचे, दार वाजलं की चिडायचे. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "हिनं मले ओढून न्यायला पाहिजे होतं."

"मी बैल ओढतो, माणूस नाई ओढत," मामी म्हणाली. पण नंतर चुलीपाशी बसून बराच वेळ तिनं काडी काडी मोडली.

गिरनारच्या वेळी मामीची स्वतःची चूक झाली. तिनं गिरनार तिसरा ठेवला होता, कारण तो जवळ होता, थंडी नाही, विरळ हवा नाही. पायऱ्याच तर आहेत, असं तिला वाटलं होतं. २०११मध्ये ती सत्तावन्न वर्षांची होती. त्या दहा हजार पायऱ्यांपैकी निम्म्या, अंबाजीपर्यंत, ती चढली. पुढच्या उतरत्या पायऱ्या तिनं पाहिल्या. उतरून पुन्हा चढायचं, मग दत्ताच्या शिखरावर, आणि परत येताना सगळं पुन्हा. गुडघा अडकला. दगडी पायऱ्यांवर ती बसत बसत खाली आली.

"ह्या पायऱ्या पहिल्या घ्याच्या होत्या," ती मला फोनवर म्हणाली. "डोंगराची वाट काहीतरी सोडते, वाकून देते. पायरी सोडत नाई. मी उंचीचे फूट पाह्यले, उतार पाह्यला नाई. तुह्या मामाले सात साल शिव्या दिल्या अन् मीच चुकली."

"डोलीनं जाता आलं असतं मामी."

"डोलीत मेलेले जाते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या मते तिनं स्वतःला तेव्हापासून कधी माफ केलं नाही. वर्षभरानं ती पुन्हा डॉक्टरकडे गेली तेव्हा त्यांनी सांगितलं की आता चढउतार बंद. ती म्हणाली, बरं.

दार्जिलिंग उरलं होतं. २०१५च्या फेब्रुवारीत, वेचणी संपल्यावर, आम्ही तिघं गेलो. मामा सहासष्टचे, मामी एकसष्टची. डोंगरातल्या छोट्या आगगाडीत बसून दोघं खिडकीपाशी एकमेकांना ढकलत होते. पहाटे जीपनं टायगर हिलवर नेलं. वर गर्दी होती, थंडी होती. मामांनी दोन शाली पांघरल्या होत्या. उजाडता उजाडता समोर कांचनजंगा लाल झालं, मग पिवळं, मग पांढरं.

मामांनी विचारलं, "गोमुखले असंच असते का, इमल?"

मला वाटलं आता तरी ती गोड बोलेल. गोमुखाला नऊ वर्षं होत आली होती, माणूस आजारी होता, थंडीत त्यांचे ओठ कापत होते.

"नाई," मामी म्हणाली. "असं नसते. इथं आपण पाहून राह्यलो. तिथं आपण पोचलो असतो."

मामांनी मान खाली घातली. मामीनं त्यांच्या खांद्यावरची घसरलेली शाल वर ओढली, गळ्याशी घट्ट गाठ मारली, जरा जास्तच घट्ट, आणि म्हणाली, "चला. जीप वाट पाहून राह्यली."